आधी नियम, मग शोध: नर्सिंगमधल्या एका प्रोटोकॉलची कुळकथा

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या चार्टवर एक ओळ हमखास असते: दर दोन तासांनी कूस बदला. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला १९४४ साली लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी ही शिस्त लावली, तीही दिवसरात्र. पुढे १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या नर्सने दोन सहकाऱ्यांसोबत वृद्ध रुग्णांचा मोठा अभ्यास छापला. नियमित कूस बदलण्याला त्यातून आकड्यांचा आधार मिळाला. पण त्या अभ्यासात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. त्यामुळे दोनच तास का, तीन किंवा चार का नाहीत, हा प्रश्न तसाच राहिला.

असा प्रश्न सोडवायचा तर जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्र निवाडा करावा लागतो. त्याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. तो सुरू करण्याआधी काय शोधणार, काय घेणार, काय टाकणार आणि कशावर किती विश्वास ठेवणार हे लिहून ठेवायचं, तो प्रोटोकॉल. एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तो एक भरायचा फॉर्म वाटतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना पूर्वी कुणीतरी केलेल्या चुकीमुळे आला आहे.

पूर्वी रिव्ह्यू म्हणजे एखाद्या ज्येष्ठ तज्ज्ञाने आठवतील ते आणि आवडतील ते पेपर घेऊन लिहिलेला लेख. सिंथिया मलरो यांनी १९८७ मध्ये चार नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले असे ५० लेख तपासले. माहिती कशी शोधली, कशी निवडली आणि कशी पारखली हे स्पष्ट सांगणारा लेख त्यांत एकच निघाला. दुसरीकडे ऑक्सफर्डला इयन चाल्मर्स गरोदरपण आणि बाळंतपणातल्या चाचण्या जमवत होते. त्यातूनच १९९३ मध्ये कॉक्रेन कोलॅबोरेशन उभं राहिलं. रिव्ह्यूच्या आधी त्याचा प्रोटोकॉल छापायचा, हा रिवाज तिथे रुजला. नर्सिंग फार मागे नव्हतं. जखमांवरचा कॉक्रेन गट १९९५ मध्ये यॉर्कला सुरू झाला तो निकी कलम या नर्सच्या पुढाकाराने, आणि १९९६ मध्ये ॲडलेडला जोआना ब्रिग्ज इन्स्टिट्यूट निघाली. जोआना ब्रिग्ज या रॉयल ॲडलेड हॉस्पिटलच्या पहिल्या मेट्रन.

कूस बदलण्याच्या प्रश्नावरचा कॉक्रेन रिव्ह्यू प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातल्या नर्स संशोधकांनी केला. अशा प्रोटोकॉलमध्ये पहिली मेख प्रश्न नेमका मांडण्याची. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि निकाल कशावरून, ही चौकट १९९५ पासून प्रचारात आली. ऐकायला सोपी आहे. पण बेल्जियममधली २००५ साली छापलेली एक चाचणी पाहा. त्यात दोन आणि तीन तासांच्या गटांना साधी गादी होती, तर चार आणि सहा तासांच्या गटांना दाब पसरवणारी फोमची गादी. फोमवर चार तासांनी कूस बदललेल्यांना बेडसोअर कमी झाले. मग श्रेय चार तासांचं की फोमचं? दोन्ही एकदम बदलल्यावर ते वेगळं काढता येत नाही. म्हणून गादी वेगळी असलेल्या तुलना कुठल्या हिशेबात धरायच्या, हे आकडे पाहण्यापूर्वीच लिहावं लागतं. निकाल पाहिल्यावर ठरवलं तर आपल्याला सोयीचं तेच ठरतं. त्यासाठी लबाडी करावी लागते असंही नाही.

शोधशब्दांची कुळकथा मला सगळ्यांत आवडते, कारण ती ग्रंथपालांची आहे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातल्या एका रुग्णालयाच्या ग्रंथपाल एला क्रँडल नर्ससाठी लेखांची सूची कार्डांवर करू लागल्या. वैद्यकीय सूच्यांमध्ये नर्सिंगच्या नियतकालिकांना फारशी जागा नव्हती. ती कार्डं १९६१ मध्ये पुस्तकरूपात आली आणि त्यातूनच आजचा सिनाल हा डेटाबेस झाला. त्याच सुमारास व्हर्जिनिया हेंडरसन येलमध्ये १९०० ते १९५९ पर्यंतच्या नर्सिंग संशोधनाची चार खंडांची सूची तयार करत होत्या. नर्सिंगच्या प्रोटोकॉलमध्ये मेडलाइनच्या जोडीला सिनाल लागतोच, तो या इतिहासामुळे. फक्त मेडलाइन चाळून भागत नाही हे आकड्यांनीही दाखवलंय. के डिकर्सिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पडताळा घेतला, तेव्हा मेडलाइनवरच्या शोधात एकूण माहीत असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच सापडल्या होत्या. उरलेल्या काही त्या डेटाबेसात नव्हत्याच आणि काही असूनही शोधशब्दांतून निसटल्या होत्या.

निसटण्याचं कारण साधं आहे. या दुखण्याला लिहिणाऱ्यांनी दर पिढीत निराळं नाव दिलं. डेक्युबिटस, बेडसोअर, प्रेशर सोअर, प्रेशर अल्सर, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने केलेलं प्रेशर इंजुरी. मेडलाइनमध्ये लेखाला ठरावीक विषयशीर्षक लावलं जातं, पण सूचिकार ते हाताने लावत तेव्हा नव्या लेखाला लागायला वेळ जाई आणि कधी ते चुकीचंही लागतं. म्हणून शीर्षक आणि मोकळे शब्द दोन्ही घ्यायचे. ओव्हिडच्या पडद्यावर हा शोध साधारण असा दिसतो:

```
1  exp Pressure Ulcer/
2  (pressure adj (ulcer* or sore* or injur*)).tw.
3  (bedsore* or bed-sore* or decubit*).tw.
4  or/1-3
5  (reposition* or turn* or position*).tw.
6  4 and 5
```

एकाच कल्पनेचे पर्याय `or` ने जोडायचे आणि दोन वेगळ्या कल्पना `and` ने. हे उलटं झालं की शोध एकतर कोरडा पडतो नाहीतर महापूर येतो. बेडसोअर हा जुना शब्द गाळण्याचा मोह होतो. पण भारतीय नियतकालिकांत तो आजही सर्रास असतो, तो गाळला की आपल्याकडचेच लेख हरवतात. पाचव्या ओळीतल्या ताऱ्यांची गंमत वेगळी. `turn*` टाकलं की कर्मचारी नोकरी सोडून जाण्याबद्दलचे टर्नओव्हरवाले लेखही येतात. `position*` टाकलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं झोपवण्याचे लेख येतात, ज्यांत बेडसोअर हा केवळ दुष्परिणाम असतो. हा कचरा सोसायचा, कारण नकोसा लेख नंतर वगळता येतो, न सापडलेला लेख मात्र कळतही नाही. शोध पुरेसा आहे का हे तपासायला एक जुनी युक्ती आहे: आपल्याला आधीच माहीत असलेल्या चार-पाच चाचण्या बाजूला लिहून ठेवायच्या आणि शोधात त्या सगळ्या येतात का ते बघायचं. एक जरी चुकली, तरी कोणत्या ओळीत चुकली ते शोधून शब्द वाढवायचा.

स्क्रीनिंगबद्दल थोडक्यात. आधी शीर्षक आणि गोषवारा वाचून सैल हाताने चाळायचं, शंका असेल तर ठेवायचं. मग पूर्ण लेख वाचून कडक निवड करायची आणि प्रत्येक वगळलेल्या लेखापुढे एकच कारण लिहायचं. दोघींनी एकमेकींचं न पाहता हे करायचं आणि मतभेद झाला तर तिसरीने निवाडा द्यायचा. ही तिसरी कोण, तेही प्रोटोकॉलमध्ये आधी ठरलेलं असतं. गळतीचा तो चौकटी-बाणांचा तक्ता १९९९ च्या क्वोरम निवेदनातून आला आणि २००९ मध्ये प्रिस्माने तो घरोघर पोचवला. सुरुवातीला पन्नासेक लेखांवर दोघींनी तालीम करावी. आपोआप फिरणाऱ्या पलंगाला कूस बदलणं म्हणायचं की नाही, असले वाद तेव्हाच बाहेर येतात.

खरी भांडणं झाली ती चाचणीच्या दर्जावरून. अलेहांद्रो हादाद यांनी १९९६ मध्ये पाच गुणांची सुटसुटीत पट्टी दिली: चिठ्ठ्या टाकून केलेल्या विभागणीला दोन, कोणाला कोणता उपाय मिळतोय हे लपवण्याला दोन, गळालेल्या रुग्णांच्या हिशेबाला एक. वेदनाशामक गोळ्यांसाठी ती ठीक होती. पण कूस बदलणाऱ्या सिस्टरपासून कूस बदलणं कसं लपवणार? नर्सिंगची उत्तम चाचणीही तिथे तीनवर अडकायची. १९९९ मध्ये पीटर युनी आणि सहकाऱ्यांनी रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या त्याच १७ चाचण्यांना २५ वेगवेगळ्या पट्ट्या लावल्या. कोणती पट्टी लावली त्यावर चांगल्या चाचण्या कोणत्या आणि निष्कर्ष काय, हे बदलत गेलं. बेरजेच्या गुणांवरचा विश्वास तिथेच उडाला.

म्हणून २००८ मध्ये कॉक्रेनने गुण सोडून, पक्षपात शिरू शकेल अशा एकेका जागेचा स्वतंत्र निवाडा करणारं साधन आणलं. २०१९ पासून त्याची दुसरी आवृत्ती वापरात आहे. त्यात पाच जागा तपासतात आणि प्रत्येकीवर धोका कमी, थोडी शंका किंवा धोका जास्त असा शेरा देतात. कूस बदलण्याच्या चाचणीत हे हाताळून पाहा. विभागणीची चिठ्ठी बंद लिफाफ्यात होती का, की वॉर्डातल्या कोणाला आधीच माहीत होती? चार तासांच्या गटातल्या रुग्णाला सिस्टरने दया येऊन मधेच वळवलं का, किंवा टर्निंग चार्ट ड्युटी संपताना एका दमात भरला गेला का? चार्टवर सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच वळणात आणि अगदी पूर्ण तासांवर दिसल्या, तर शंका घ्यावी. मधेच दगावलेल्या किंवा घरी गेलेल्या रुग्णांचं काय केलं? आणि जखम मोजणाऱ्याला गट माहीत होता का?

जखम मोजण्याची ही चौथी जागा इथे सगळ्यांत नाजूक. बेडसोअरची पहिली पायरी म्हणजे दाबल्यावरही न जाणारी लाली, आणि ती डोळ्याने ठरते. सावळ्या त्वचेवर ती दिसणं कठीण, म्हणून आपल्याकडच्या चाचणीत हा शेरा जास्त जपून द्यावा लागतो. सिस्टरपासून उपाय लपवता येत नसला तरी जखम तपासायला दुसऱ्या वॉर्डातली, गट माहीत नसलेली व्यक्ती बोलावता येते. जुनी पट्टी हा फरक पाहतच नव्हती. पाचवी जागा निकालांच्या निवडक मांडणीची, आणि ती तपासायला चाचणीचा स्वतःचा प्रोटोकॉल मागवावा लागतो.

रिव्ह्यू करणारेही याच पिंजऱ्यात उभे आहेत. ख्रिस सिलाजी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ४७ कॉक्रेन रिव्ह्यू त्यांच्या आधी छापलेल्या प्रोटोकॉलशी ताडून पाहिले. ४३ मध्ये किमान एका भागात मोठा बदल आढळला. बदल करू नये असं नाही, पण तो तारीख घालून आणि कारण देऊन करावा. उघड नोंदणीसाठी यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये प्रॉस्पेरो सुरू केलं.

कूस बदलण्याच्या रिव्ह्यूची २०२० ची आवृत्ती आठ चाचण्या आणि ३९४१ रुग्णांवर बेतलेली आहे. किती तासांनी कूस बदलणं सर्वांत चांगलं, याबद्दलचा पुरावा तिने कमी किंवा अतिशय कमी खात्रीचा ठरवला. आता नवा रिव्ह्यू करायला घेणाऱ्या विद्यार्थिनींना एवढंच सांगणं: प्रॉस्पेरोवरची नोंदणी मोफत आहे, पण निवडलेल्या लेखांतून आकडे काढायला सुरुवात झाली की ती करता येत नाही. तेव्हा शोधशब्दांची यादी ग्रंथपालाला दाखवा, नोंदणी क्रमांक मिळवा आणि मगच लेख उघडा.