तेरा काचा, एकशे शहाण्णव फोटो आणि आमची गच्ची

मे २००८ मधली गोष्ट. आमचा पुण्यातला वाडा बिल्डरकडे गेला होता, आणि पाडायच्या आधी गच्चीवरून चहूबाजूंचा एकच मोठ्ठा फोटो करायचा असं मी ठरवलं. कॅमेरा हातात धरून, गोल फिरत, वरच्या ओळीत १२ आणि खालच्या ओळीत १२ असे २४ फोटो काढले. कॅमेरा अर्थातच 'ऑटो'वर. रात्री संगणकावर सगळे फोटो एकमेकांना जोडले तर आकाशाची झाली होती चट्ट्यापट्ट्यांची गोधडी, आणि खालच्या ओळीत एका जागी चक्क भोक. म्हटलं, पुढच्या रविवारी परत काढू. तो रविवार काही आला नाही, आणि जूनपर्यंत वाडाच राहिला नाही.

आपलं नक्की काय चुकलं हे शोधता शोधता मी या विषयाच्या इतिहासात शिरलो. तिथे कळलं की या धंद्यात शत्रू एकच आहे, तो म्हणजे वेळ. बाकीच्या भानगडी त्याच्याच पोटातून येतात.

सुरुवात करू १८७८ पासून. एडवर्ड मायब्रिज (धावत्या घोड्याचे फोटो काढणारा तोच) सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या टेकडीवर मार्क हॉपकिन्स या रेल्वेसम्राटाच्या हवेलीच्या मनोऱ्यावर कॅमेरा घेऊन चढला. तिथून त्याने पूर्ण ३६० अंशांचं शहर १३ मोठ्या काचांवर टिपलं. प्रिंट एकाशेजारी एक लावले की साधारण १७ फूट लांबीचं चित्र होतं. त्या काळचं तंत्र 'वेट कोलोडियन'. काचेवर रसायन ओतायचं आणि ते ओलं असेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून लगेच धुवायचा. त्यामुळे १३ काचांना काही तास लागले आणि तेवढ्यात सूर्य पुढे सरकला. चित्र डावीकडून उजवीकडे पाहत गेलं की घरांच्या सावल्या फिरत जातात. त्यातली एक काच तर क्रम सोडून, दिवसा उशिरा काढलेली आहे. शेजारच्या काचांशी तिच्या सावल्या जुळत नाहीत, म्हणून ती पकडली जाते. म्हणजे जे चित्र 'एक क्षण' वाटतं ते खरं तर अर्धा दिवस आहे.

मग त्याचं आकाश माझ्यासारखं पट्ट्यापट्ट्यांचं का नाही? कारण त्याच्याकडे आकाशच नाही! कोलोडियनला निळा प्रकाश फार लवकर लागतो, त्यामुळे आकाश सरसकट पांढरंफटक येतं. पांढऱ्याशेजारी पांढरं ठेवलं की सांधा दिसणार कुठून? शिवाय त्याला चित्रं एकमेकांत मिसळायची नव्हतीच. एकमेकांवर येणारा भाग कापायचा आणि कडेला कड लावायची. रंग आणि गडद निळं आकाश आल्यावर ही सोय गेली. सलग आकाशात सरळ रेषेवर उजेडाचा एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी डोळा तो टिपतो.

त्या रेषेवर चांगला उपाय निघाला १९८३ मध्ये. पीटर बर्ट आणि एडवर्ड अॅडलसन या आरसीएच्या दोन संशोधकांनी एक पेपर लिहिला. त्यांची कल्पना सांगायला सोपी आहे. दोन फोटो अरुंद पट्ट्यात मिसळले तर उजेडाची पायरी दिसते. रुंद पट्ट्यात मिसळले तर पायरी जाते, पण जरा इकडेतिकडे झालेली खिडकी दोनदा दिसते, भुतासारखी. म्हणून त्यांनी प्रत्येक फोटो थरांत फोडला. आकाशाचा हळूहळू बदलणारा रंग एका थरात, बारीक रेषा आणि पोत दुसऱ्या थरात, आणि मधले थर मध्ये. ढोबळ थर रुंद पट्ट्यात मिसळायचा, बारीक थर अगदी अरुंद पट्ट्यात, आणि शेवटी सगळे थर परत एकत्र करायचे. पायरीही नाही आणि भूतही नाही. हीच कल्पना आजही फोटो जोडणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात आहे.

पण यात एक मेख आहे. रुंद पट्ट्यात मिसळायला दोन्ही फोटोंत ती रुंदी असायला हवी ना! शिंप्याला शिलाईत जाणारं कापड सोडावं लागतं, तसंच हे. म्हणजे ओव्हरलॅप फक्त फोटो 'जुळवण्यासाठी' नसतो. उजेडातला फरक किती रुंदीत लपवता येईल, हेही तोच ठरवतो.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. २००३ मध्ये मॅक्स लायन्स या छायाचित्रकाराने अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचा एक अब्ज पिक्सेलच्या पुढे जाणारा फोटो प्रसिद्ध केला. कॅमेरा फक्त ६ मेगापिक्सेलचा, म्हणजे ३,०७२ गुणिले २,०४८. फोटो १९६, अंतिम माप ४०,७८४ गुणिले २६,८००. फोटो काढायला लागली १३ मिनिटं.

हे आकडे घेऊन थोडा हिशोब करू. १९६ म्हणजे १४ ओळी आणि १४ रकाने. आडवे १४ फोटो नुसते शेजारी ठेवले तर ४३,००८ पिक्सेल होतात. अंतिम रुंदी त्याहून २,२२४ ने कमी आहे आणि मध्ये सांधे १३. मूळ माप कायम धरलं तर दर सांध्याला सुमारे १७१ पिक्सेल, म्हणजे फोटोच्या रुंदीच्या साडेपाच टक्के. उभ्या दिशेने तसाच हिशोब केला तर १४४ पिक्सेल, सात टक्के. आज कुणालाही विचारा, ओव्हरलॅप २५ ते ३० टक्के ठेवा म्हणून सांगेल. मग या माणसाने एवढी कंजुषी का करावी?

उलट बाजूने मोजून बघा. तेवढंच दृश्य ३० टक्के ओव्हरलॅपने काढायचं तर १९ ओळी आणि १९ रकाने लागतात, म्हणजे ३६१ फोटो. त्याच वेगाने (सरासरी चार सेकंदांना एक) १३ मिनिटांची २४ मिनिटं होतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. १३ मिनिटांत तो सव्वातीन अंश जातो, २४ मिनिटांत सहा. कॅन्यनच्या खडकांवर सावली हाच तर सगळा खेळ! लायन्सच्या डोक्यात हाच हिशोब होता की नाही ते तोच जाणे, पण आकड्यांतून सौदा स्वच्छ दिसतो. जास्त ओव्हरलॅप म्हणजे सोपी जुळणी, आणि त्याची किंमत उजेडात मोजायची.

हा सौदा त्याला परवडला, कारण जुळणीसाठी तेव्हा माणूस बसायचा. जर्मनीतल्या हेल्मुट डेर्श यांच्या 'पॅनोरमा टूल्स'वर (१९९८) आधारलेल्या कामाची रीत अशी होती: दोन शेजारच्या फोटोंत एकच दगड शोधायचा, दोन्हीकडे क्लिक करायचं, आणि मग प्रोग्राम प्रत्येक फोटोचे तीन कोन (आडवा, उभा, कलता) असे काढणार की सगळे दगड एकमेकांवर बसतील. १९६ फोटोंचे ५८८ कोन आणि ३६४ सांधे. साडेपाच टक्क्यांच्या पट्टीत माणसाला ओळखीचा दगड सापडतो. पण डेव्हिड लो यांच्या 'सिफ्ट'सारख्या पद्धतीने प्रोग्रामलाच तो शोधायला लावायचा (ब्राऊन आणि लो यांनी २००३ मध्ये हे पॅनोरमासाठी करून दाखवलं) तर त्याला जास्त मोठी पट्टी लागते. नुसत्या निळ्या आकाशात तर कितीही पट्टी दिली तरी त्याला धरायला काहीच सापडत नाही.

म्हणून पुढे वारं फिरलं. २० जानेवारी २००९ ला ओबामांच्या शपथविधीला डेव्हिड बर्गमनने यंत्रावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने २२० फोटो काढले. मूळ पिक्सेल सुमारे ३२० कोटी, अंतिम चित्र १४७ कोटी. निम्म्याहून जास्त ओव्हरलॅपमध्ये आणि कडा छाटण्यात गेले. लायन्सचे १२३ कोटींतले १०९ कोटी उरले होते! फोटो स्वस्त झाले, माणसाचा वेळ महाग झाला.

आता आकाशाचे पट्टे. इतकं वाचल्यावर मी माझे २४ फोटो परत उघडले, आणि पट्टे तीन प्रकारचे असतात हे ध्यानात आलं. प्रत्येक फोटोचे कोपरे सारखेच काळपट दिसत असतील, म्हणजे कमानींची रांग लागल्यासारखं वाटत असेल, तर तो लेन्सचा दोष. एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवूनही तो येतो. उजेड ओळीत हळूहळू बदलतो पण वरच्या-खालच्या ओळींत एकदम उडी दिसते, तेव्हा तो वेळेचा दोष. लायन्सचीच गती धरली तर शेजारचा फोटो चार सेकंद लांब असतो, पण प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू केली तर खालचा फोटो ५६ सेकंद लांब. तेवढ्यात एखादा ढग सहज येऊन जातो. आणि कुठलाही क्रम नसलेल्या उड्या दिसल्या तर तो कॅमेऱ्याच्या 'ऑटो'चा प्रताप.

माझ्याकडे तिसरा प्रकार होता. एका फोटोची माहिती म्हणते शटर १/२५०, शेजारचा म्हणतो १/३२०. समोरची पांढरी भिंत दोन्हींत आहे, पण पहिल्यात सुमारे सव्वापट उजळ. हे दुरुस्त होतं. दुसरा फोटो १.२८ ने गुणायचा. फक्त गुणण्याआधी जेपेगने लावलेला वक्र उलटा फिरवायचा, नाहीतर भिंत जुळते आणि सावल्या बिघडतात. अशी २४ गुणकांची साखळी लावली आणि पट्टे बरेचसे गेले. राहिला तो मावळतीकडचा तुकडा. तिथे आकाश कॅमेऱ्यातच २५५ ला जाऊन टेकलं होतं. जे टिपलंच नाही त्याला कशानेही गुणा, निळं होत नाही.

आणि ते भोक. खालच्या ओळीत सातव्या आणि आठव्या फोटोच्या मध्ये मी जरा जास्त फिरलो असणार. मॅन्युअल एक्सपोजर ठेवलं असतं तर पट्टे टळले असते, आणि नाही ठेवलं तरी ते मागाहून निघाले. ओव्हरलॅप मात्र मागाहून मिळत नाही.

मायब्रिज ज्या मनोऱ्यावर उभा होता ती हवेली १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाली, आणि समोरचं बरंचसं शहरही. सावल्या जुळत नसल्या तरी त्याचं वर्तुळ पूर्ण आहे, कुठेही भोक नाही. माझ्या भोकात आमच्या अंगणातला आड होता. आजूबाजूची फरशी उचलून तिथे चिकटवता येईल, कुणाला कळणारही नाही. पण आड काही येणार नाही. म्हणून ते तसंच काळं ठेवलंय.