टक्कर-शोध ते टक्कर-टाळणी : इथरनेट आणि बिनतारी जाळ्यांचा ऐतिहासिक मागोवा
(उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्याच्या उदाहरणासह)

प्रस्तावना

एकाच माध्यमावर अनेक संगणकांना बोलायचे असेल, तर दोघे एकाच वेळी बोलण्याचा प्रसंग अटळ असतो. त्या वेळी दोघांचेही संदेश एकमेकांत मिसळून निकामी होतात. यालाच संगणकशास्त्रात टक्कर म्हणतात. तारेच्या इथरनेटने टक्कर होताच ती ओळखून थांबण्याची रीत स्वीकारली. बिनतारी जाळ्यांना मात्र टक्कर होऊच नये असा प्रयत्न करावा लागला. पाठ्यपुस्तकांत या दोन पद्धती शेजारी-शेजारी दिलेल्या असतात आणि त्यांतील फरक पाठ करण्यापुरता उरतो. वस्तुतः हा फरक माध्यमाच्या भौतिक स्वरूपातून आलेला आहे, आणि इथरनेटची मूळ कल्पना रेडिओवरूनच तारेवर आली होती हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची गंमत वाढते. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा घेतला असून, विवेचनासाठी मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचे कल्पित उदाहरण योजले आहे. उल्हासनगर ते अंबरनाथ हे अंतर सुमारे २ किलोमीटर आणि अंबरनाथ ते बदलापूर सुमारे ८ किलोमीटर, एवढे येथे गृहीत धरले आहे.

रेडिओकडून तारेकडे

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले अलोहा हे रेडिओजाळे १९७१ मध्ये सुरू झाले. दूरची केंद्रे एका कंप्रतेवर मध्यवर्ती संगणकाकडे संदेश पाठवीत आणि मध्यवर्ती केंद्र दुसऱ्या कंप्रतेवर उत्तर देई. ज्याला संदेश पाठवायचा आहे त्याने तो खुशाल पाठवावा. पोच आली नाही तर काही अनिश्चित काळ थांबून पुन्हा पाठवावा, इतका साधा नियम होता. आपला संदेश दुसऱ्याच्या संदेशावर आदळला हे पाठवणाऱ्याला प्रत्यक्ष कळत नसे. पोच न येणे एवढाच पुरावा. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्केच वापरता येते, असे अब्रॅम्सन यांच्या गणिताने दाखविले.

हा निबंध रॉबर्ट मेटकाफ यांच्या वाचनात आला आणि त्यावरूनच त्यांना पुढची दिशा सुचली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात २२ मे १९७३ रोजी त्यांनी लिहिलेल्या टिपणात इथरनेटची कल्पना मांडली गेली, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासमवेत त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. हवेच्या जागी समाक्ष केबल आली. त्याबरोबर दोन नवे नियम शक्य झाले : बोलण्यापूर्वी तार मोकळी आहे का ते ऐकावे, आणि बोलत असतानाही ऐकत राहावे. दुसरा नियम हाच टक्कर-शोध होय.

तारेवर तो का शक्य झाला, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण संकेताच्या बळाचे. जाड समाक्ष केबलचा ५०० मीटरचा एक तुकडा संकेताची शक्ती फार तर ८.५ डेसिबलने, म्हणजे सुमारे एक-सप्तमांशापर्यंत उतरवतो. त्यामुळे दुसऱ्या टोकाचा संकेत येऊन पोहोचतो तेव्हाही तो आपल्या संकेताच्या तुलनेत नगण्य नसतो. प्रत्येक यंत्र तारेवर ठरावीक सरासरी विद्युतदाब निर्माण करते. एकाच यंत्राकडून येऊ शकेल त्यापेक्षा तो अधिक भरला, की दुसरे कोणीतरी बोलत आहे हे निश्चित. यंत्र तत्काळ थांबते, सर्वांना टक्कर कळावी म्हणून ३२ बिटांचा एक गोंधळ-संकेत सोडते आणि यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करते.

दुसरे कारण लांबीच्या मर्यादेचे, आणि ते बहुधा दुर्लक्षित राहते. १९८३ च्या आयईईई ८०२.३ मानकात १० मेगाबिट वेगासाठी सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटांची ठरविली आहे. ती पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. जाळ्याच्या एका टोकाचा संकेत दुसऱ्या टोकाला जाऊन तेथील टक्कर परत कळण्याचा काळ याहून कमीच असला पाहिजे. म्हणून जाळ्याची लांबी, मधल्या पुनरावर्तकांचा विलंब धरून, २५०० मीटरपर्यंत मर्यादित केली गेली.

आता समजा, उल्हासनगर ते बदलापूर अशी १० किलोमीटरची एकच सामाईक केबल टाकली. केबलमध्ये संकेत सेकंदाला सुमारे २.३ लाख किलोमीटर वेगाने धावतो, तेव्हा एका बाजूचा प्रवास ४३ मायक्रोसेकंदांचा होईल. उल्हासनगरचा संकेत पोहोचण्याच्या क्षणभर आधी बदलापूरच्या यंत्राने तार मोकळी समजून बोलायला सुरुवात केली, तर त्या टकरीची खबर उल्हासनगरला ८७ मायक्रोसेकंदांनंतर मिळेल. तोवर तेथील लहान फ्रेम पाठवून झालेली असेल आणि यंत्र ‘संदेश सुखरूप गेला’ असे समजून पुढच्या कामाला लागले असेल. फ्रेम मोठी असेल तर टक्कर कळते खरी, पण पहिल्या ५१२ बिटांनंतर. अशा ‘उशिरा टकरी’ यंत्राच्या नोंदीत वाढताना दिसल्या, की जाळे मर्यादेपेक्षा लांब झाले किंवा जोडणीत दोष आहे, असे अनुभवी तंत्रज्ञ ओळखत. म्हणजे टक्कर-शोध ही केवळ चलाख युक्ती नव्हती. एकाचा आवाज सर्वांना, वेळेत आणि पुरेशा बळाने ऐकू येतो या अटीवर ती उभी होती.

पुन्हा हवेकडे

हवेत या दोन्ही अटी मोडतात. वाय-फायचे यंत्र साधारण १०० मिलिवॉट शक्तीने बोलते. दूरच्या यंत्राकडून येणारा संकेत मात्र एका वॉटच्या दहा हजार कोटींव्या हिश्श्याइतका क्षीण असू शकतो. दोहोंतील गुणोत्तर एक हजार कोटींचे झाले. त्याच कंप्रतेवर स्वतः बोलत असताना एवढा क्षीण आवाज ऐकणे साध्या रेडिओला अशक्य असते. म्हणून तो एका वेळी एकच काम करतो : बोलतो किंवा ऐकतो.

परंतु ही अडचण दोहोंतली लहान म्हणावी लागेल. मोठी अडचण फुआद तोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच दाखवून दिली होती. अंबरनाथमधील एका गच्चीवर मुख्य केंद्र आहे आणि उल्हासनगर व बदलापूर येथील एकेक केंद्र त्याला जोडलेले आहे, अशी कल्पना करावी. दोघांनाही अंबरनाथ दिसते. पण मधल्या इमारतींमुळे एकमेकांचा आवाज मुळीच पोहोचत नाही. उल्हासनगर बोलत असताना बदलापूर कान देते, तेव्हा त्याला शांतताच ऐकू येते. तेही बोलू लागते, आणि टक्कर अंबरनाथच्या अँटेनापाशी होते. टक्कर ऐकणाऱ्यापाशी घडते, बोलणाऱ्यापाशी नव्हे. बोलताना ऐकण्याची दिव्य शक्ती उल्हासनगरच्या यंत्राला दिली, तरी त्याला ऐकू येण्यासारखे तेथे काहीच नाही. यालाच ‘लपलेल्या केंद्राचा प्रश्न’ म्हणतात.

यावर फिल कार्न या हौशी रेडिओ क्षेत्रातील अभियंत्याने १९९० मध्ये एक तोडगा सुचविला. बोलणाऱ्याने आधी लहानशी परवानगी मागावी, ऐकणाऱ्याने ती द्यावी, आणि त्या परवानगीत बोलणे किती वेळ चालेल तेही सांगावे. उल्हासनगरची विनंती बदलापूरला ऐकू येत नाही, परंतु अंबरनाथने दिलेली परवानगी येते; म्हणून बदलापूर तेवढा वेळ गप्प राहते. ज्याच्यापाशी टक्कर होणार त्यानेच इतरांना सावध करावे, हा यातील मर्म. १९९४ मध्ये वदुवूर भारघवन आणि सहकाऱ्यांनी यात पोच व अन्य सुधारणांची भर घातली. १९९७ च्या आयईईई ८०२.११ मानकात ही देवाणघेवाण ऐच्छिक म्हणून आली. पोच मात्र एकाच यंत्राला उद्देशून पाठविलेल्या प्रत्येक फ्रेमसाठी सक्तीची झाली. त्यासोबत टाळणीचा मुख्य नियमही आला : वाहिनी मोकळी झाली तरी लगेच बोलू नये, ठरावीक काळ थांबावे आणि त्यानंतर यादृच्छिक संख्येइतके कालखंड मोजावेत.

टाळणीची किंमत

परवानगीची ही रीत फुकट मिळत नाही. १९९९ च्या ८०२.११ब मानकात १५०० बाइटचा मजकूर ११ मेगाबिट वेगाने पाठवायला साधारण १३०० मायक्रोसेकंद लागतात. विनंती आणि परवानगी सर्वांना कळावी म्हणून त्या सर्वांत संथ वेगाने पाठविल्या, तर मधल्या विरामांसह त्यांनाच सुमारे ६८० मायक्रोसेकंद खर्च होतात. मजकुराच्या निम्मा वेळ केवळ विचारपूस करण्यात जातो. त्यामुळे बहुतेक उपकरणांत ही सोय बंदच ठेवलेली असे, आणि लपलेले केंद्र आपले काम बिनबोभाट बिघडवीत राही. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन्ही केंद्रे एकेकटी चालविली असता वेग उत्तम मिळतो. दोन्ही एकदम चालविली की संकेताचे बळ तेवढेच असूनही पुनःप्रेषणे भराभर वाढतात. परवानगीची सोय सुरू केल्यावर स्थिती सुधारली, तर दोष लपलेल्या केंद्राचाच समजावा.

याखेरीज पोच न येण्याचा अर्थ संदिग्ध असतो. टक्कर झाली, संकेत क्षीण पडला की मध्ये काही आडवे आले, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक अपयश तो टक्करच धरतो आणि थांबण्याचा काळ दुप्पट करीत नेतो. खराब संकेताच्या जागी हे औषध रोगाहून वाईट ठरते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा जानेवारी २००५ मध्ये घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला, आणि दूरच्या अंतरावर वाय-फाय नेण्याची वाट खुली झाली. तेथे अंतराचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. अंबरनाथ ते बदलापूर ८ किलोमीटर जायला रेडिओलहरीला २७ मायक्रोसेकंद लागतात, तर ८०२.११ब चा एक कालखंड २० मायक्रोसेकंदांचाच. म्हणजे अंबरनाथने बोलायला सुरुवात केल्यावरही बदलापूरचे यंत्र एक पूर्ण कालखंड मोकळा मोजून जाते. पोचेलाही जाऊन-येऊन ५४ मायक्रोसेकंद अधिक लागतात; पोचेची वाट पाहण्याची मुदत वाढविली नाही, तर पोच येण्याआधीच संदेश हरवला असे ठरवून यंत्र तो पुन्हा पाठवते.

गंगेच्या मैदानात वाय-फायचे लांब पल्ल्याचे दुवे उभारताना आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांना याच मर्यादांशी सामना करावा लागला. पुढे हे दोघेही आयआयटी मुंबईत आले. २००५ मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत ऐकून ठरविण्याचा मार्गच सोडून दिला होता : एका मनोऱ्यावरील सर्व दुवे ठरलेल्या वेळी एकत्र बोलतात आणि ठरलेल्या वेळी एकत्र ऐकतात.

तारेच्या बाजूला दरम्यान टक्कर-शोधाची गरजच ओसरली. १९९० पासून आलेल्या स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळू लागली. १९९७ मध्ये एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्याची सोय मानकात आली. आणि २००२ च्या १० गिगाबिट इथरनेटमध्ये टक्कर-शोध ठेवलाच नाही. हवा मात्र अशी वाटून देता येत नाही. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड येथील दिनेश भराडिया आणि सहकाऱ्यांनी स्वतःचाच संकेत ११० डेसिबलपर्यंत वजा करणारा रेडिओ दाखविला. त्याने पहिली अडचण दूर होऊ शकते; अंबरनाथच्या अँटेनापाशी होणारी टक्कर तेवढ्याने उल्हासनगरला ऐकू येत नाही. २०२१ मध्ये मान्य झालेल्या ८०२.११एएक्स मानकाने मध्यवर्ती केंद्राला आणखी एक अधिकार दिला : कोणी, कोणत्या उपवाहिनीवर आणि किती वेळ बोलायचे, याचा आदेश ते स्वतः काढू शकते.