माऊस हलला नाही म्हणजे काम थांबले का?

घरून काम करणाऱ्यांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बहुतेकदा की-बोर्ड आणि माऊसची हालचाल मोजते, प्रत्यक्ष काम नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या ‘सीएनआयएल’ या माहिती-संरक्षण संस्थेने एका स्थावर मालमत्ता कंपनीला ४०,००० युरोंचा दंड ठोठावला. त्यात हा मुद्दा महत्त्वाचा होता. तिथे ३ ते १५ मिनिटे हालचाल न दिसल्यास तो वेळ ‘निष्क्रिय’ धरला जाई. त्याचे कारण न दिल्यास पगार कापला जाऊ शकत असे. पण बैठकीत किंवा फोनवर बोलताना माऊस स्थिरच असतो. ठरावीक वेळाने निघणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये खासगी ईमेल, पासवर्डही येऊ शकत होते. कर्मचाऱ्यांना लेखी सूचनाही नव्हती.

काम खरोखरच मागे पडत असेल तर आधी कामच तपासावे: किती कामे मुदतीत झाली, किती परत आली. तरीही नोंद ठेवायची असल्यास काय नोंदवणार, कशासाठी, किती दिवस आणि कोण पाहणार, हे आधी लेखी कळवावे. ती नोंद कर्मचाऱ्यालाही दिसावी. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निव्वळ आकड्यावरून कारवाई करू नये.