सासरचे घर कोणाचे? सांगलीचा एक दावा आणि विधवा सुनेचा हक्क

27 जून 1960 रोजी खंडप्पा मगदूम वारले. तेव्हा महाराष्ट्र राज्य जेमतेम दोन महिन्यांचे होते आणि आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. ‘सांगली’ हे नाव त्याच वर्षी नोव्हेंबरात मिळाले. खंडप्पांच्या मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. 1963 सालचा विशेष दिवाणी दावा क्रमांक 26. दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि काही जंगम मालमत्ता यांत त्यांनी 7/24 हिस्सा मागितला. हा अपूर्णांक आला कुठून, हे समजले की विधवा सुनेच्या हक्काचे निम्मे कोडे उलगडते.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. सातारा, पुणे, रत्नागिरी या मराठी मुलखात हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेला विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ प्रमाण मानली जाई. तिच्यानुसार एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचे मालक पुरुष सहदायाद. त्यांतला एक वारला की त्याचा हिस्सा उरलेल्यांत विरून जाई. त्याच्या विधवेला हिस्सा नाही, पण अन्नवस्त्र आणि राहायला जागा देणे कुटुंबावर बंधनकारक. हे बंधन माणसांवर कमी आणि मिळकतीवर अधिक होते. 1878 मध्ये सावित्रीबाई विरुद्ध लक्ष्मीबाई या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेच स्पष्ट केले: सासरच्यांच्या ताब्यात कुटुंबाची मिळकत नसेल, तर स्वखुशीने वेगळी राहणारी विधवा त्यांच्याकडून पोटगीची रक्कम मागू शकत नाही. सासऱ्याने स्वकष्टाने बांधलेल्या घरात विधवा सुनेला ठेवणे हे मग त्याचे नैतिक कर्तव्य ठरले. आणि नैतिक कर्तव्याची अंमलबजावणी बेलिफाकरवी होत नाही.

1937 साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने विधवेला प्रथमच पतीचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता. पटवर्धनांच्या सांगली-मिरजेसारख्या संस्थानांत तो आपोआप लागू होत नव्हता. कृष्णाकाठी शेजारशेजारच्या दोन गावांतल्या दोन विधवांचे हक्क त्यामुळे वेगळे असू शकत होते. ही गंमत नव्हे, त्या काळची घडी अशीच होती.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चित्र पालटले, आणि इथे हिराबाईंचा दावा येतो. त्या कायद्याच्या सहाव्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते की, सहदायाद वारला की त्याच्या मृत्यूच्या क्षणाआधी वाटप झाले असे गृहीत धरून त्याचा हिस्सा काढावा. तसे वाटप झाले असते तर खंडप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव हिस्सा आला असता. बाप-लेकांत वाटप झाले तर पत्नीला मुलाइतका वाटा मिळतो. मग खंडप्पांचा पाव हिस्सा सहा वारसांत विभागायचा, म्हणजे प्रत्येकी 1/24. हिराबाईंचे स्वतःचे 6/24 आणि वारसाहक्काचे 1/24 मिळून 7/24.

खालच्या न्यायालयाने त्यांना फक्त 1/24 दिला. वाटप गृहीत धरायचे ते केवळ मृताचा हिस्सा मोजण्यापुरते, असा त्यामागचा विचार होता. उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 27 एप्रिल 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, हिराबाईंचे 7/24 कायम केले. वाटप झाले असे एकदा मानले की त्याचे सगळे परिणामही मानावे लागतात.

हिराबाई सून म्हणून नव्हे, पत्नी म्हणून लढल्या. पण त्यांच्याच घराचा आकडा सुनेसाठी मांडून पाहू. समजा, अशा कुटुंबातला एक मुलगा 1956 नंतर पण 2005 च्या दुरुस्तीपूर्वी, वडिलांच्या हयातीत, मृत्युपत्र न करता आणि अपत्याविना वारला. वडिलोपार्जित घरातला त्याचा गृहीत हिस्सा पाव. त्याचे प्रथम वर्गातले वारस दोन: पत्नी आणि आई. म्हणजे सुनेला घरात 1/8. ती आश्रित नाही, सहमालक आहे. तिला ‘आमच्या घरातून नीघ’ म्हणण्याचा अधिकार सासऱ्याला उरत नाही.

आता तेच घर सासऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेले असेल तर? तो जिवंत असेपर्यंत सुनेचा हिस्सा शून्य. तो मृत्युपत्र न करता वारला, तर पूर्वमृत मुलाची विधवा म्हणून ती प्रथम वर्गाची वारस ठरते आणि वरच्या कुटुंबात तिला सहावा हिस्सा मिळतो. मृत्युपत्र करून त्याने घर दुसऱ्याला दिले, तर वारसा संपला. त्याच साली झालेला दत्तक व निर्वाह कायदा सासऱ्यावर सुनेच्या पालनाची जबाबदारी टाकतो आणि निर्वाहात निवाराही मोजतो. पण तीही त्याच्या ताब्यात कुटुंबाची मिळकत असेल तरच, आणि सुनेचा पुनर्विवाह होईपर्यंतच. 1878 चा विचार 1956 च्या कायद्यात असा टिकून राहिला.

म्हणून सातारा-सांगलीकडच्या वादात सगळी झुंज ‘घर वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित’ यावर होते. उत्तर मिळते ते जुन्या फेरफारात, खरेदीखतात, सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 बहुतेक जण पुढे करतात, पण तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. आणखी एक फसगत: सासऱ्याला 1956 नंतर त्याच्या वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीतून वारसाने घर आले असेल, तर बोलीभाषेत ते ‘वडिलोपार्जित’ असले तरी कायद्याने त्याचे स्वतंत्र ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात सांगितले.

मालकी आणि राहण्याचा हक्क यांची ही गाठ सोडवली ती 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने. ‘सामायिक घरात’ स्त्रीची मालकी असो वा नसो, तिला राहण्याचा हक्क आहे, असे त्याचे सतरावे कलम म्हणते. पण डिसेंबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात ‘सामायिक घर’ म्हणजे पतीचे किंवा एकत्र कुटुंबाचेच, असा अर्थ लावला आणि सासूच्या नावचे घर वगळले. पुन्हा तीच जुनी भिंत. ती पडायला चौदा वर्षे लागली: 15 ऑक्टोबर 2020 रोजी आहुजा प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा अर्थ चुकीचा ठरवला.

आहुजा प्रकरणातला पती हयात होता. विधवेचा प्रश्न आला 2022 मध्ये, प्रभा त्यागी यांच्या रूपाने. डेहराडूनकडच्या या स्त्रीचा पती लग्नानंतर काही आठवड्यांतच अपघातात गेला. दंडाधिकाऱ्यांनी तिला दिलासा दिला, तो वरच्या दोन न्यायालयांनी काढून घेतला. 12 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पतीच्या मृत्यूने सामायिक घराशी असलेले नाते संपत नाही, आणि तिथे प्रत्यक्ष राहत नसली तरी ती राहण्याचा हक्क मागू शकते.

या हक्काला मर्यादा आहेत. तो निवाऱ्याचा हक्क आहे, हिश्श्याचा नव्हे. त्याच्या बळावर घर विकता वा गहाण टाकता येत नाही. तिला बाहेर काढायचे तर कायदेशीर मार्गानेच, पण तो मार्ग बंद नाही. सासू-सासऱ्यांची परिस्थिती पाहून न्यायालय तिला त्या घराऐवजी दुसरी जागा द्यायला सांगू शकते. वृद्ध सासू-सासरे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे गेले, तर तेवढ्याने सुनेचा हक्क पुसला जात नाही; दोन्ही कायदे एकत्र तोलावे लागतात, हे डिसेंबर 2020 च्या एस. वनिता निकालाने ठरवले आहे.