वारशाचे शेअर्स आणि मृत मालकाची खरेदीनोंद

वारशाने आलेल्या शेअर्सचे मूल्य कोणत्या दिवसाचे धरावे, या प्रश्नास भारतीय करकायद्याने दोन उत्तरे दिली. 1953 च्या इस्टेट ड्यूटी कायद्याने मृत्यूसमयीच्या बाजारमूल्यावर कर बसविला. तो कर 1985 मध्ये रद्द झाला. भांडवली नफ्यासाठी मात्र 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 49(1) ने मूळ मालकाचा खरेदीखर्च हाच वारसाचा खर्च मानला. मालकाचा धारणकाळही वारसाच्या काळात मिळविण्यात आला.

भिवंडीतील एका यंत्रमागधारकाने 2009 मध्ये 1,000 सूचिबद्ध शेअर्स प्रत्येकी 80 रुपयांस घेतले, 2021 मध्ये तो निवर्तला आणि मार्च 2025 मध्ये कन्येने ते 500 रुपयांस विकले, असे समजू. मृत्यूदिनीचा 420 रुपये भाव धरल्यास नफा 80,000 रुपये, म्हणजे सवलतीच्या 1,25,000 रुपयांच्या मर्यादेत, दिसतो. पण ही गणना चुकीची आहे. खरेदी 1 फेब्रुवारी 2018 पूर्वीची असल्याने 31 जानेवारी 2018 चा सर्वोच्च भाव, समजा 300 रुपये, हा खर्च ठरतो. नफा 2,00,000 रुपये होतो. सवलत वजा जाता 75,000 रुपयांवर 12.5 टक्क्यांनी, उपकर वगळून, 9,375 रुपये कर येतो.

वारसाच्या डिमॅट खात्यात मात्र 2021 चीच हस्तांतरण-तारीख दिसते. 2009 ची खरेदी सिद्ध करण्यास वडिलांची काँट्रॅक्ट नोट किंवा जुने डिमॅट विवरण लागते. म्युच्युअल फंडासाठी फोलिओचे विवरण. ही कागदपत्रे नसल्यास खर्च शून्य धरला जाऊन कर 46,875 रुपयांपर्यंत जाण्याचा धोका असतो. तात्पर्य, 1985 नंतर वारसाच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो मृत्यूचा दिवस नव्हे, तर मृत मालकाच्या खरेदीचा पुरावा.