सर्व्हर सुरू, तरी ॲप उघडेना: कॅशे रिकामी झाली की डेटाबेसवर झुंड का तुटून पडते?

२२ फेब्रुवारी २०२२, मंगळवार. आदल्या दिवशीची सुटी संपवून अमेरिकेतले लोक सकाळी कामाला लागत होते. अनेक कंपन्यांमधलं रोजचं बोलणं 'स्लॅक' या मेसेजिंग ॲपवर चालतं. त्या सकाळी मात्र अनेकांना ते उघडताच येईना. विचित्र गोष्ट म्हणजे, ज्यांच्याकडे स्लॅक आधीपासून उघडं होतं, त्यांचं काम बऱ्यापैकी सुरू होतं.

सायबर हल्ला झाला नव्हता, डेटाही कुठे हरवला नव्हता. देखभालीचं एक नेहमीचं काम सुरू असताना कॅशेचे काही सर्व्हर रिकामे झाले होते आणि त्यांच्यामागे उभा असलेला डेटाबेस गुदमरला होता. या प्रकाराला 'थंडरिंग हर्ड', म्हणजे धावत सुटलेली झुंड म्हणतात. ही झुंड तयार कशी होते आणि तिला आवरण्यासाठी लोकांना टप्प्याटप्प्यानेच आत का घ्यावं लागतं, ते समजून घेऊ.

कॅशे म्हणजे काय?

किराणा दुकानात रोज खपणारी साखर, चहा, तेल काउंटरजवळ ठेवलेलं असतं. बाकीचा माल मागच्या गोदामात असतो. ॲपच्या बाबतीत डेटाबेस हे गोदाम, तर कॅशे हा काउंटर. डेटाबेसमध्ये सगळी माहिती कायमची साठवलेली असते, पण ती शोधून आणायला वेळ आणि ताकद लागते. म्हणून वारंवार लागणाऱ्या माहितीची एक प्रत कॅशेत ठेवतात.

स्लॅक त्यासाठी 'मेमकॅश्ड' नावाची प्रणाली वापरत होतं. मेमकॅश्ड माहिती मेमरीत, म्हणजे रॅममध्ये ठेवते. त्यामुळे ती अतिशय वेगवान असते, पण रिस्टार्ट झाली की पाटी कोरी होते. माहिती डेटाबेसमध्ये सुरक्षित असते, काउंटर मात्र रिकामा झालेला असतो.

थोडीशी कॅशे गेली तर एवढं काय बिघडतं?

एक काल्पनिक ॲप घेऊ. त्याच्याकडे दर सेकंदाला माहितीसाठी १०,००० विनंत्या येतात. त्यातल्या ९५ टक्के विनंत्यांचं उत्तर कॅशेतच मिळतं. उरलेल्या ५ टक्के, म्हणजे ५०० विनंत्या डेटाबेसकडे जातात. डेटाबेसची क्षमता सेकंदाला १,५०० विनंत्यांची आहे. म्हणजे तिप्पट ताकद हाताशी आहे.

आता कॅशेचे काही सर्व्हर रिकामे झाले आणि ९५ टक्क्यांचे ८० टक्के झाले. ऐकायला घट फक्त १५ टक्क्यांची आहे. पण डेटाबेसकडे जाणाऱ्या विनंत्या ५०० वरून थेट २,००० झाल्या. चौपट भार आला आणि क्षमता ओलांडली गेली. कॅशे पूर्णच रिकामी झाली तर सगळ्याच्या सगळ्या १०,००० विनंत्या डेटाबेसवर येतील.

म्हणूनच कॅशेतून किती टक्के उत्तरं मिळाली, यापेक्षा किती टक्के मिळाली नाहीत, हा आकडा महत्त्वाचा असतो. डेटाबेसला फक्त तोच भार जाणवतो.

कॅशे आपोआप पुन्हा भरत का नाही?

एरवी भरते. कॅशेत माहिती सापडली नाही की ॲप ती डेटाबेसकडून आणतं आणि पुढच्या वेळेसाठी कॅशेत ठेवतं. म्हणजे कॅशे भरण्याचं काम डेटाबेसकडून आलेल्या उत्तरांवर अवलंबून असतं.

डेटाबेस गुदमरला की हेच चक्र उलटं फिरतं. समजा, ॲप उत्तरासाठी दोन सेकंद थांबतं आणि उत्तर यायला पाच सेकंद लागतात. ॲप वाट पाहणं सोडून देतं. डेटाबेसने मेहनत घेऊन उत्तर तयार केलं तरी ते घ्यायला कुणी उभं नसतं, त्यामुळे ते कॅशेत जात नाही. दरम्यान ॲप तीच विनंती पुन्हा पाठवतं. वापरकर्ताही रिफ्रेश करत राहतो. एका विनंतीच्या तीन होतात आणि कॅशे रिकामीच राहते.

त्यामुळे मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी ॲप उभं राहत नाही. सर्व्हर सुरू असतात, नेटवर्क ठीक असतं, डेटाबेस पूर्ण जोर लावून काम करत असतो, पण त्या कामातून हाती काहीच लागत नाही. नुसतं वाट पाहून यातून सुटका होत नाही. आत येणारी गर्दी कमी करावी लागते.

स्लॅकमध्ये नेमकं काय झालं?

स्लॅकने नंतर या घटनेचा तपशील स्वतःच जाहीर केला. कोणता सर्व्हर कुठे सुरू आहे याची नोंद ठेवणाऱ्या 'कॉन्सुल' या सॉफ्टवेअरचं अपग्रेड सुरू होतं. ते कॅशेच्या सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने केलं जात होतं. आधीचे टप्पे विनाअडथळा पार पडले होते.

अपग्रेडसाठी कॉन्सुल रिस्टार्ट झालं की तो कॅशे सर्व्हर क्षणभर यादीतून गायब व्हायचा. त्यावर लक्ष ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा तो बंद पडला असं समजून त्याच्या जागी राखीव सर्व्हर लावायची. हा नवा सर्व्हर अर्थातच रिकामा असायचा. एकामागून एक असं होत गेलं आणि कॅशेतून मिळणाऱ्या उत्तरांचं प्रमाण घसरलं. या वेळी हे काम सकाळच्या गर्दीच्या तासांत सुरू होतं.

त्यात एक जास्तीचं दुखणं होतं. स्लॅक उघडताना तुमच्या गटांमधल्या थेट संभाषणांची आणि त्यांतल्या सदस्यांची यादी आणली जाते. ही माहिती डेटाबेसच्या अनेक तुकड्यांमध्ये वापरकर्त्यांनुसार विभागलेली होती. पण प्रश्न विचारला जायचा तो संभाषणानुसार. त्यामुळे एका प्रश्नासाठी सगळ्या तुकड्यांना हाक मारावी लागायची. कॅशे भरलेली असताना हा महागडा प्रश्न क्वचितच डेटाबेसपर्यंत पोहोचत होता. कॅशे रिकामी होताच, ॲप उघडणाऱ्या प्रत्येकामागे तो जाऊ लागला.

स्लॅकने मग ॲप नव्याने उघडण्याच्या विनंत्यांवरच मर्यादा घातली. ज्यांचं ॲप उघडं आहे त्यांना चालू ठेवायचं आणि नव्यांना दारात थांबवायचं, असा तो कठोर निर्णय होता. सुरुवातीला सांगितलेल्या विचित्र गोष्टीचं उत्तर यातच आहे. सोबत त्या महागड्या प्रश्नातही बदल केला गेला. कॅशेत जे नाही तेवढंच डेटाबेसकडून मागायचं आणि मूळ डेटाबेससोबत त्याच्या प्रतींकडूनही वाचायचं, असं ठरलं. त्यानंतर दार हळूहळू उघडण्यात आलं.

दार किती उघडायचं, हे कसं ठरतं?

आपल्या काल्पनिक ॲपकडे परत जाऊ. डेटाबेसची क्षमता १,५०० आहे, पण थोडी जागा राखून त्याच्यावर १,००० पेक्षा जास्त भार टाकायचा नाही असं ठरवलं. कॅशे पूर्ण रिकामी आहे. मग पायऱ्या अशा पडतात:

- कॅशेत काहीच नाही: १,००० विनंत्या आत घ्यायच्या. सगळ्या डेटाबेसकडे जातील, पण तो त्या पेलेल.
- निम्मी उत्तरं कॅशेतून मिळू लागली: २,००० आत.
- ८० टक्के मिळू लागली: ५,००० आत.
- ९० टक्के मिळू लागली: सगळ्या १०,००० आत.

प्रत्येक पायरीवर डेटाबेसचा भार तेवढाच, १,००० राहतो. कॅशे भरत जाते तशी गर्दी वाढवली जाते.

कागदावर हे सोपं दिसतं, पण इथे एक फसगत होते. कॅशेत भरलेली माहिती आधी आत आलेल्या लोकांची असते. नवे लोक त्यांचे वेगळे ग्रुप, वेगळे मेसेज मागतात. त्यामुळे दार थोडं जास्त उघडलं की कॅशेचं प्रमाण आधी खाली येतं आणि मग वर जातं. एकदम मोठी पायरी घेतली तर डेटाबेस पुन्हा आडवा होतो आणि बराचसा वेळ वाया जातो. म्हणून पायऱ्या लहान ठेवतात. डेटाबेसला उत्तर द्यायला लागणारा वेळ नेहमीसारखा झाला आणि काही मिनिटं तसाच राहिला, तरच पुढची पायरी घेतात.

निवड विनंत्यांची न करता माणसांची करणंही महत्त्वाचं असतं. दहातली कुठलीही एक विनंती आत घेतली तर सगळ्यांचीच पानं अर्धवट उघडतात. दहापैकी एका माणसाला पूर्ण आत घेतलं तर त्याचं काम होतं आणि त्याची माहिती कॅशेत टिकते.

झुंड तयारच होऊ नये म्हणून काय करतात?

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दोन उपाय सांगितले आहेत.

पहिला टोकनचा. एकच लोकप्रिय माहिती हजारो जणांनी एकाच वेळी मागितली आणि ती कॅशेत नसली, तर कॅशे एकालाच टोकन देते. डेटाबेसकडे तोच जातो. बाकीच्यांना क्षणभर थांबून पुन्हा विचारायला सांगितलं जातं, तोवर उत्तर कॅशेत आलेलं असतं. एका माहितीसाठी साधारण १० सेकंदांत एकच टोकन दिलं जायचं. अशी झुंड ज्या माहितीवर सहज जमते, तिच्या बाबतीत डेटाबेसवरचा सर्वोच्च भार सेकंदाला १७,००० विनंत्यांवरून १,३०० वर आला.

पण टोकन सगळीकडे उपयोगी पडत नाही. प्रत्येक जण आपापली वेगळी माहिती मागत असेल, तर प्रत्येकाला वेगळं टोकन मिळतं आणि गर्दी कमी होत नाही.

अशा वेळी दुसरा उपाय कामी येतो. नव्या, रिकाम्या कॅशेने डेटाबेसकडे न जाता शेजारच्या भरलेल्या कॅशेकडून माहिती घ्यायची. या पद्धतीने रिकामी कॅशे काही दिवसांऐवजी काही तासांत पूर्ण क्षमतेला पोहोचते, असं फेसबुकने नोंदवलं. यात शेजाऱ्याकडची माहिती जुनी निघण्याचा धोका असतो. म्हणून एखादी माहिती नुकतीच बदलली असेल, तर नव्या कॅशेत तिची प्रत दोन सेकंद ठेवूच दिली जात नव्हती. त्या वेळेत ती थेट डेटाबेसकडून घेतली जायची.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. कॅशेतल्या प्रतीला मुदत असते. सगळी माहिती एकाच वेळी भरली आणि प्रत्येकीला एक तासाची मुदत दिली, तर तासाभराने ती एकाच वेळी बाद होईल आणि झुंड पुन्हा येईल. म्हणून मुदतीत थोडा फरक ठेवतात. कुणाला ६० मिनिटं, कुणाला ६४, कुणाला ७०.

वापरकर्त्याने काय करावं?

एखादं ॲप तुमच्याकडे उघडत नसेल आणि शेजाऱ्याकडे व्यवस्थित चालत असेल, तर दार टप्प्याटप्प्याने उघडलं जात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी जिथे ॲप सुरू आहे तिथे लॉग-आउट करू नका किंवा ते बंद करून पुन्हा उघडू नका. चालू असलेला माणूस कॅशेवर निभावून जातो. नव्याने उघडणाऱ्याला मात्र सगळंच पुन्हा मागावं लागतं आणि तो रांगेत मागे जातो.