वाघावर बसलेला तो कोण? बंगालच्या गाझीच्या पटातली माणसं ओळखताना

वाघावर बसलेला दाढीवाला माणूस, हातात साप. हे चित्र महाराष्ट्रात कुणालाही दाखवा, उत्तर एकच येईल: चांगदेव. ज्ञानेश्वरांच्या भेटीला वाघावर बसून, सापाचा चाबूक करून निघालेला योगी आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो आहोत. माझ्या वर्गातल्या मुलांनीही हेच उत्तर दिलं. पण मी दाखवलेलं चित्र बंगालचं होतं आणि वाघावर बसलेले होते गाझी पीर, सुंदरबनच्या जंगलातल्या वाघांवर ज्यांची हुकमत चालते असं तिथले लोक मानतात ते.

गाझींची गोष्ट थोडक्यात अशी. बैराटनगरचा राजा सिकंदर शाह, त्याचा मुलगा गाझी. गादी नको म्हणून तो फकीर होऊन घराबाहेर पडतो. सोबत मानलेला भाऊ कालू. पुढे ब्राह्मणनगरच्या मुकुट राय राजाची मुलगी चंपावती हिच्यावर त्याचं मन बसतं. राजा नकार देतो, लढाई होते. गाझीच्या बाजूने वाघ लढतात. समोर असतो दक्षिण राय, आणि त्याच्या बाजूने मगरी. ही गोष्ट गाणारे लोक गावोगाव फिरत. एकाने चित्रांचा पट उलगडून धरायचा किंवा टांगायचा, काठीने एकेक चित्र दाखवायचं आणि गायचं. या पटाला तिकडे 'गाझीर पट' म्हणतात, म्हणजे गाझीचा पट.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असा एक पट आहे, 1800 च्या आसपासचा. तो 13 मीटरहून लांब आहे आणि त्यात एकाखाली एक 54 चित्रं आहेत. बांगलादेशातल्या मुन्शीगंजकडचा पट वेगळा. तो जाड सुती कापडाचा, साधारण साडेचार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद असतो. त्यावर 25 च्या आसपास चौकटी असतात आणि सगळ्या एकदम नजरेसमोर येतात.

दोन्हीकडे अडचण एकच. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, कारण चित्रकार चेहरे एकाच साच्यातून काढतो. मग ओळखायचं कशावरून? वाहन, हातातली वस्तू, पोशाख, रंग आणि शेजारी कोण आहे, यांवरून. यातलं कुठलंही एकच धरलं की फसगत ठरलेली.

वाघच घ्या. सुंदरबनच्या मुलखात वाघाशी नातं असलेले निदान तिघे आहेत. वाघाजवळचा पुरुष भरघोस मिशांचा, राजाच्या थाटाचा आणि हातात शस्त्र असलेला असेल, तर तो दक्षिण राय. बाई असेल आणि मांडीवर लहान मूल असेल, तर ती बोनबीबी, आणि ते मूल म्हणजे दुखे, ज्याला तिने वाघापासून वाचवलं. दाढी, फकिराचा वेश आणि हातात काठी असेल तर गाझी. सापाचंही तसंच आहे. वाघावर बसून साप खेळवणारा पुण्यवान माणूस ही कल्पना हिंदुस्थानभर पीर आणि जोगी दोघांच्याही गोष्टींत सापडते. त्यातून कळतं ते एवढंच की हिंस्र जनावरं या माणसाच्या मुठीत आहेत. माणसाचं नाव त्यातून कळत नाही.

काठीचं मात्र तसं नाही. बंगालीत गाझीच्या काठीला 'आशा' म्हणतात. मराठी माणूस त्याचा अर्थ उमेद असा घेईल, पण हा शब्द अरबीतला 'असा' आहे, हजरत मूसांच्या हातात होती ती काठी. फकिराची ही खूण राजाच्या हातात नसते. दक्षिण राय आणि गाझी यांच्यात गोंधळ झाला तर आधी हाताकडे बघायचं ते यासाठी.

आता मुन्शीगंजच्या पटाची मधली चौकट घेऊ. ती सगळ्यांत मोठी, जवळपास एक फूट उंच. वाघावर गाझी आणि दोन बाजूंना दोघं उभे. गाझी आकारानेच कळतात. आपल्या दरबारी चित्रांतही मुख्य माणूस असाच थोराड काढलेला असतो. बाजूचे दोघं म्हणजे कालू आणि माणिक पीर. कालूची ओळख त्याच्या जागेवरूनच होते. तो गाझींचा सोबती, त्यांना सोडून फारसा दिसत नाही. माणिक पीर हे गाईगुरांचे रखवालदार, त्यामुळे इतर चौकटींत गाय किंवा दुधाचं मडकं घेतलेली गवळण दिसली की तिथे त्यांची गोष्ट चालू आहे असं समजायचं. त्यांना दूध नाकारणाऱ्या गवळणीची गुरं मरतात आणि तेच ती पुन्हा जिवंत करतात.

सगळ्यांत खालच्या ओळीत तीन चौकटी: यमदूत, कालदूत आणि यमाची आई. पीराच्या पटात यम कसा, असा प्रश्न पडेल. पण ही ओळ जवळपास ठरलेलीच आहे. यमाची आई ओळखायला सोपी. तिच्यासमोर भांडं असतं आणि त्यात पापी माणूस शिजत असतो. गाणारा इथे येऊन थांबला की लोकांना दानधर्माची आठवण आपोआप होत असणार.

रंगांवर फार भिस्त ठेवू नये, याचं कारण घरगुती आहे. काळा रंग काजळीचा, पांढरा शंखाचा, लाल शेंदराचा, पिवळा हळदीचा, निळा नीळीचा. अशा मोजक्याच डब्यांत सगळं जग बसवायचं. त्यामुळे शेजारचे दोघं वेगळे दिसावेत म्हणून एक निळा आणि एक लाल, असंही होतं. एका चौकटीतला लाल कपडा पुढच्या चौकटीतही त्याच माणसाच्या अंगावर असेल असं धरून चालता येत नाही.

पोशाखाचा मामला त्याहून नाजूक. बोनबीबीची मूर्ती काही ठिकाणी मुकुट आणि साडीत असते, तर काही ठिकाणी वेणी, टोपी, घागरा-पायजमा आणि पायात जोडे अशी. देवी एकच, पोशाख बदलला तो पूजणाऱ्यांमुळे. कृष्णराम दास या हिंदू कवीच्या 1686 च्या 'रायमंगल' काव्यात गाझी आणि दक्षिण राय यांचं भांडण मिटवायला जो देव येतो, त्याचं अर्धं अंग गोरं, अर्धं सावळं आणि एका हातात कुराण, दुसऱ्या हातात पुराण. रंगावरून आणि हातातल्या वस्तूवरून याची जात ठरवायला बसणाऱ्याने काय लिहायचं?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज टोपी किंवा टिळा दिसला की माणूस ओळखला असं आपल्याला वाटतं. पटात टोपीचं काम तेवढं नाही. ती सांगते की हा फकीर आहे, राजा नाही, आणि गोष्ट पुढे जाते. मुन्शीगंजला हे पट रंगवणारे आचार्य घराण्यातले हिंदू, दाखवून गाणारे बहुतेक मुसलमान बेदे, आणि ऐकणारे दोन्हीकडचे. पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूरच्या पटुआंमध्ये बहुतेक मुसलमान आहेत, आडनाव चित्रकार, आणि ते राम-सीतेचे पट रंगवून गातात. पटातल्या दाढीवरून रंगवणाऱ्याचा धर्म काढायला गेलात तर चुकाल.

एक गोष्ट मात्र पटात कुठेच काढलेली नसते, ती म्हणजे गाणाऱ्याची काठी. नुसते दोन माणसं समोरासमोर उभे असलेल्या चौकटीत कोण कोणाशी बोलतोय, हे काठी टेकवून गाणाराच सांगतो. संग्रहालयातल्या पटाला तो गाणारा नाही. तिथे वाघ, गाय, काठी आणि भांडं या खुणांवरून बरंच वाचता येतं. खूण नसलेल्या चौकटी मात्र मुक्या राहतात, आणि त्यांच्यावर अंदाजाने नाव चिकटवण्यापेक्षा त्या तशाच ठेवलेल्या बऱ्या.